एकशे ब्याण्णव नॅनोसेकंद

माझा नवरा फार चांगला मास्तर होता. आता तो विभागप्रमुख आहे.

हे वाक्य मी एकदा स्टाफरूममध्ये गमतीत बोलून गेले. सगळे हसले, तोही हसला, आणि चहाचा कप उचलून त्याच्या काचेच्या केबिनमध्ये निघून गेला. संध्याकाळी घरी येताना रिक्षात तो एका बाजूला बघत बसला. मी दुसऱ्या. गंमत कुठे लागली ते दोघांनाही कळलं होतं.

आम्ही दोघंही भाईंदरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, एकाच कॉम्प्युटर विभागात. मी डेटाबेस शिकवते. तो ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायचा. मी पर्मनंट होते आणि तो अॅडहॉक, म्हणजे दर मे महिन्यात त्याची नोकरी संपायची आणि जुलैत नवी ऑर्डर यायची. यायची म्हणजे येईल अशी आशा असायची. "बायको पक्की, नवरा कच्चा" हा विनोद आमच्या नातेवाइकांत इतका फिरला होता की लग्नकार्यात तो ऐकल्याशिवाय जेवण पूर्ण झाल्यासारखं वाटायचं नाही. सासूबाई रायगडात, अलिबागच्या पलीकडे एकट्या राहायच्या. फोनवर पहिला प्रश्न तब्येतीचा आणि दुसरा ठरलेला: "तुजी नोकरी पक्की झाली का रं?" नोकरी पक्की झाली की त्या भाईंदरला, गोडदेवच्या आमच्या घरी राहायला येणार होत्या. त्याआधी मुलावर ओझं टाकायचं नाही असं त्यांनी स्वतःशीच ठरवून टाकलं होतं, आणि त्यांनी ठरवलं म्हणजे ठरवलं.

तो वर्गात काय करायचा ते सांगते, म्हणजे काय गेलं ते कळेल.

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एक गणित असतं. ते मुलांना अजिबात आवडत नाही, परीक्षेत मात्र हमखास येतं. कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम एखादी गोष्ट मागतो, पण ती मेमरीत नेमकी कुठल्या जागी आहे हे त्याला माहीत नसतं. ते लिहिलेलं असतं एका तक्त्यात, त्याला पेज टेबल म्हणतात. पंचाईत अशी की हा तक्ताही मेमरीतच असतो. म्हणजे एका गोष्टीसाठी दोन खेपा: आधी तक्ता बघायला, मग ती गोष्ट आणायला. ही एक खेप वाचावी म्हणून प्रोसेसरजवळ छोटी, चपळ यादी ठेवतात, टीएलबी. नुकतेच लागलेले पत्ते तिच्यात असतात. पत्ता यादीत मिळाला तर हिट, नाही मिळाला तर मिस. आणि कधी कधी मागितलेली गोष्ट मेमरीतच नसते, डिस्कवर पडलेली असते. तो पेज फॉल्ट. ती आणायला लागणारा वेळ बाकीच्या वेळांच्या मानाने प्रचंड. या सगळ्याची सरासरी काढायची: एक गोष्ट मिळवायला एकंदरीत किती वेळ लागतो. बस, एवढंच गणित. पुस्तकात त्याचा फॉर्म्युला असतो आणि मुलं तो मंत्रासारखा पाठ करतात.

माझा नवरा फॉर्म्युला सांगायचाच नाही. तो वॉचमन सांगायचा.

आमच्या सोसायटीचा वॉचमन त्याने सरळ वर्गात नेऊन बसवला होता. कुरिअरवाला गेटवर येतो आणि नाव विचारतो. वॉचमनला ते कुटुंब डोक्यात असलं तर तो बसल्या जागेवरून सांगतो, बी विंग, तिसरा मजला. ही झाली टीएलबी हिट. डोक्यात नसेल तर उठतो, केबिनमधलं रजिस्टर काढतो, बोट फिरवत शोधतो. ही मिस, म्हणजे एक खेप जास्त. आणि रजिस्टरमध्ये नावापुढे "गावी" लिहिलेलं असलं तर? आमच्या भागात अर्धी बिल्डिंग रत्नागिरी-रायगडची. मे महिना लागला की कुलपं. "वो लोग तो गाँव गये हैं," वॉचमन सांगणार. मग त्यांना कोकणातून बोलवायचं, ते येणार, रजिस्टरमध्ये "घरी" अशी नोंद होणार, आणि कुरिअरवाल्याने पुन्हा पहिल्यापासून गेटवर येऊन नाव विचारायचं. हा पेज फॉल्ट. मुलं हसायची, आणि हसता हसता त्यांना कळायचं की पेज फॉल्टनंतर प्रोग्रॅमची तीच सूचना पुन्हा पहिल्यापासून का चालवावी लागते.

मग तो खडू हातावर उडवत विचारायचा, "आता सांगा, वॉचमनच्या डोक्यात ज्याचा पत्ता आहे, तो माणूस गावी असू शकतो का?"

मुलं म्हणायची, असू शकतो की सर, वॉचमनला काय माहीत.

"तुमच्या वॉचमनला नसेल. आपला शिस्तीचा आहे. कुटुंब गावी निघालं की गेटवरच सांगून जातं, आणि हा त्याच क्षणी त्यांना डोक्यातून काढतो. त्यामुळे आठवतंय म्हणजे घरात आहेच. गावी गेलेला सापडणार तो फक्त रजिस्टर उघडल्यावर." खऱ्या कॉम्प्युटरमध्येही तसंच असतं. पान मेमरीतून बाहेर काढलं की टीएलबीतली त्याची नोंद बाद करतात. म्हणून पेज फॉल्ट होणार तो नेहमी मिस झालेल्यांमध्येच. ही एवढीशी गोष्ट ज्याला कळली त्याचं गणित कधी चुकत नाही.

आकडे तो नेहमी हेच घ्यायचा. यादी बघायला दहा नॅनोसेकंद, मेमरीची एक खेप शंभर. शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा हिट: दहा अधिक शंभर, एकशे दहा. उरलेल्या दोन वेळा मिस: दहा, शंभर आणि पुन्हा शंभर, दोनशे दहा. सरासरी एकशे बारा. इथपर्यंत सगळं स्वस्त. मग तो म्हणायचा, रजिस्टर उघडावं लागलं त्यांपैकी दोन हजारांत एक गावी सापडतो, आणि त्याला आणायला आठ मिलिसेकंद लागतात. मुलांचे चेहरे निवांतच. दोन टक्क्यांतले दोन हजारांत एक, म्हणजे एकूण लाखात एक. एवढ्याशाने काय होतंय? आणि तो फळ्यावर सावकाश लिहायचा, आठ मिलिसेकंद म्हणजे ऐंशी लाख नॅनोसेकंद, भागिले लाख, बरोबर ऐंशी. एकशे बारा अधिक ऐंशी. जवळजवळ एकशे ब्याण्णव.

"शंभरात दोनदा होणाऱ्या मिसने सरासरीत वाढवले फक्त दोन," तो म्हणायचा. "लाखात एकदा होणाऱ्या फॉल्टने वाढवले ऐंशी. क्वचित होतं म्हणून सोडून देऊ नका रे. किती महागात पडतं ते बघा."

हे वाक्य मी इतक्या वेळा दाराबाहेरून ऐकलंय की मला त्याचा चढउतार पाठ आहे. मी पुढच्या तासाला जाताना मुद्दाम त्याच्या वर्गावरून जायचे. नवऱ्याचं कौतुक करायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून घरी म्हणायचे, "तुझा आवाज फार मोठा आहे, माझ्या वर्गात ऐकू येतो." त्याला त्याचा अर्थ कळायचा.

मग एके वर्षी पर्मनंट जागा निघाली. एकच.

आमच्याकडे मुलाखत म्हणजे डेमो लेक्चरच असतं. उमेदवाराने खऱ्या वर्गाला, खऱ्या फळ्यावर शिकवायचं आणि निवड समितीने मागच्या बाकांवर बसून ऐकायचं. पोरांचे गुडघे जिथे आपटतात त्या बाकांत सूटबुटातली माणसं अवघडून बसतात. बाहेरून एक विषयतज्ज्ञ येतात. लेक्चर संपलं की तज्ज्ञ खिशातून एक चिठ्ठी काढतात आणि म्हणतात, हे सोडवून दाखवा. सगळा खेळ त्या चिठ्ठीचा असतो.

त्या वर्षीचे तज्ज्ञ नावाजलेले होते. आमचे तेव्हाचे विभागप्रमुख त्यांचेच विद्यार्थी, त्यामुळे गेटपासून पुष्पगुच्छ वगैरे. नातेवाइकाने डेमोला हजर राहायचं नाही असा नियम असल्यामुळे मी स्टाफरूममध्ये मुलांची जर्नल्स तपासत बसले होते. तपासत म्हणजे सह्या करत. एकीकडे सही आणि एकीकडे देवाला नवस.

त्याने विषय अर्थातच हाच निवडला होता. वर्गही त्याचाच, दुसऱ्या वर्षाचा. जिन्याच्या पलीकडून मला हसण्याचा आवाज आला तेव्हा मी ओळखलं, वॉचमन गेटवर बसला. मग शांतता. मग "किती महागात पडतं ते बघा." मी पेन खाली ठेवला. झालं, म्हटलं, देव पावला.

थोड्या वेळाने एक मुलगी धावत स्टाफरूममध्ये शिरली. पहिल्या बाकावर बसणारी, उत्तनच्या पुढच्या चौक गावाहून बसने येणारी कोळ्यांची पोर. घरातली पहिलीच कॉलेजला आलेली. एरवी ती आमच्याशी अगदी पुस्तकी बोलायची, शब्द जपून. रागावली की मात्र तिची चौकची भाषा बाहेर यायची, आणि त्या दिवशी ती रागाने लाल झाली होती.

"मॅडम, सरांनी चुकीचं लिवलं फळ्यावर!"

मला वाटलं, घाबरून गोंधळला असेल. विचारलं, "चुकले का ग सर?"

"चुकले न्हाय. सरांनी मुद्दाम चुकवलं. त्या मागच्या सरांनी सांगितलं म्हणून बरोबर उत्तर पुसलं आन् त्यांचं लिवलं."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. तिने माझ्याच कागदावर सगळं गणित करून दाखवलं.

चिठ्ठीवरचं गणित योगायोगाने जवळजवळ त्याचंच होतं. हिट अठ्ठ्याण्णव टक्के, दहा, शंभर, आठ मिलिसेकंद. आणि स्पष्ट लिहिलेलं: पेज टेबल पाहावं लागलं त्यांपैकी दोन हजारांत एक वेळा पेज फॉल्ट. त्याने आनंदाने सोडवलं. एकशे ब्याण्णव. तेव्हा मागच्या बाकावरून तज्ज्ञ म्हणाले, "उत्तर चार हजार एकशे बारा आहे. फॉर्म्युला लावा."

त्यांचा फॉर्म्युला खोटा नव्हता. पुस्तकात असतोच तो. पण तो कधी लावायचा, तर पेज फॉल्टचं प्रमाण एकूण मागण्यांपैकी दिलेलं असतं तेव्हा. इथे ते फक्त मिस झालेल्यांपैकी दिलं होतं. तज्ज्ञांनी ते दोन हजारांत एक सगळ्यांनाच लावलं. ऐंशी लाख भागिले दोन हजार, चार हजार. त्यात एकशे बारा. वॉचमनच्या भाषेत सांगायचं तर डोक्यात पत्ता असलेली, घरात बसून जेवणारी कुटुंबंही त्यांनी गावी पाठवून दिली. मला वाटतं, त्यांनी आपल्या जुन्या गणिताची भाषा बदलून नवं गणित केलं होतं आणि उत्तर जुनंच ठेवलं होतं. असं होतं. पेपर काढणाऱ्या प्रत्येकाच्या हातून एकदा तरी झालेलं असतं. चूक साधी होती. "सर, प्रश्नात 'त्यांपैकी' लिहिलंय," एवढंच म्हणायचं होतं.

"सर म्हणाले का तसं?" मी विचारलं.

"एकदा म्हणाले, हळूच. मग ते मागचे सर म्हणाले, 'मी हा विषय तुमच्या जन्माआधीपासून शिकवतोय.' मग सर गप झाले. डस्टर उचललं, पुसलं, चार हजार एकशे बारा लिवलं. मी हात वर केला, म्हटलं, सर, मग वॉचमन?" तिने कागद बाजूला सारला. "तर म्हणाले, वॉचमन विसरा. फॉर्म्युला लिहा."

मी तिचं गणित पुन्हा तपासत होते, तेवढ्यात शिपाई दारात आला. सगळे दात दिसत होते. "मॅडम, पेढे काढा! सरांचं झालं!"

आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठून त्या पोरीलाच मिठी मारली. ती माझ्या मिठीत लाकडासारखी उभी होती.

त्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "अडला हरी, गाढवाचे पाय धरी," आणि मोठ्याने हसला. मीही हसले. काय बिघडलं? एक आकडा. फळ्यावरचा, डस्टरने पुसला जाणारा. त्यासाठी भांडून पुन्हा मे महिन्याची वाट बघायची होती का? आईला अजून किती वर्षं एकटं ठेवायचं होतं? सासूबाई महिनाभरात आल्या. येताना चुलीवरचा तवा आणि सुकट घेऊन आल्या आणि आमच्या गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगमधल्या गुजराती बाईशी खुणांनी मैत्री केली. शेवटची वर्षं त्या सुखाने राहिल्या. त्याचं मोल मी कमी करणार नाही. तो गप्प बसला म्हणून त्या आमच्याकडे आल्या, हे खरं आहे.

पण पुढल्या टर्मला मी त्याच्या वर्गावरून गेले तेव्हा हसण्याचा आवाज आला नाही.

मी दारापाशी थांबले. तो फळ्यावर फॉर्म्युला लिहीत होता. सुवाच्य, सरळ, पुस्तकातला. घरी मी विचारलं, "वॉचमन रजेवर गेला का रे?" तो म्हणाला, "पोर्शन मोठा आहे. वेळ नसतो गोष्टी सांगायला." पोर्शन तेवढाच होता. मग मला समजलं. वॉचमन सांगितला की उत्तर एकशे ब्याण्णवच येतं. त्याला दुसरं उत्तर येतच नाही. आणि ते चिठ्ठीवरचं गणित तोपर्यंत आमच्या विभागाच्या प्रश्नसंचात जाऊन बसलं होतं, "तज्ज्ञांचं" म्हणून, चार हजार एकशे बारा या उत्तरासकट. विभागप्रमुखांनी गुरुदक्षिणा म्हणून ते पहिल्या पानावर टाकलं होतं. ज्या वर्गात ते शिकवायचं, त्या वर्गात वॉचमनला जागा राहिली नव्हती.

सुरुवातीला मी बोलले. "आता तू पर्मनंट आहेस, दुरुस्त करून टाक की." तो म्हणायचा, "मग सगळे विचारतील, डेमोला का नाही बोललास?" पुढे तो स्वतः विभागप्रमुख झाला, प्रश्नसंच त्याच्या सहीने निघायला लागला. मी पुन्हा बोलले. तो म्हणाला, "आता इतकी वर्षं मुलांना तेच शिकवलंय." मग मी बोलायची थांबले. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं? आणि त्याच्या चेहऱ्यावर ती ओळखीची सावली आली की मलाच नको व्हायचं.

वाईट एवढ्याचं वाटतं की तो भित्रा नाही. कुणी म्हणेल, नोकरीसाठी लाचार झाला. नाही झाला हो. आयुष्यभर ताठ वागलाय. मॅनेजमेंटशी भांडलाय, पोरांच्या हजेरीवरून प्रिन्सिपलशी भांडलाय, काशीमीऱ्याच्या सिग्नलला राँग साइडने येणाऱ्या ट्रकवाल्याशीसुद्धा भांडलाय, मी रिक्षात डोळे मिटून बसलेली असताना. त्याने मान तुकवली ती एकदाच. लाखात एकदा. आणि त्याचंच वाक्य माझ्या कानात वाजत राहतं. त्या एका वेळेने त्याची सगळी सरासरी बदलली.

यंदा आमच्याकडे पुन्हा पर्मनंट जागा निघाली. या वेळी मागच्या बाकावर तो होता, विभागप्रमुख म्हणून. शेजारी बाहेरचे एक ज्येष्ठ तज्ज्ञ, तेच नव्हेत, पण त्याच मुशीतले. मी समितीत नव्हते. स्टाफरूममध्ये बसून मी यादी बघितली तर तिसरं नाव चौकच्या त्या मुलीचं. एम.ई. झाली होती, वसईकडे एका कॉलेजात अॅडहॉक होती. दर मे महिन्याला संपणारी नोकरी. वर्गात जाण्याआधी ती मला भेटायला आली, वाकून नमस्कार केला. साडी तिला सवयीची नव्हती, पदर सारखा सावरत होती. भाषा आता अगदी स्वच्छ झाली होती, न्हाय-हायचा मागमूस नाही. मी विचारलं, "विषय कोणता घेतलास?" ती हसली. "तुम्हाला माहीत आहे मॅडम."

मी पुन्हा सह्या करत बसले. आणि जिन्याच्या पलीकडून हसण्याचा आवाज आला.

माझा हात थांबला. इतक्या वर्षांनी वॉचमन परत आला होता. मला जर्नलवरची अक्षरं दिसेनात. म्हटलं, तो गेलाच नव्हता कुठे. या पोरीने सांभाळून ठेवला होता. वाटलं, आज ही उभी राहून एकशे ब्याण्णव लिहिणार आणि कुणी काही म्हटलं तर चौकच्या भाषेत त्याला सुनावणार. आणि मागे माझा नवरा बसलाय, तो ऐकणार. एवढं एक झालं तर बरंचसं फिटेल असं मला अगदी आतून वाटलं.

संध्याकाळी तो माझ्यासाठी थांबला नाही. मी घरी पोचले तर तो गॅलरीत, आईच्या खुर्चीवर बसला होता. दिवा लावला नव्हता. मी चहा ठेवला, कप त्याच्या हातात दिला, मग त्याने आपणहून सांगायला सुरुवात केली.

वॉचमन तिने सुंदर सांगितला. त्याच्याहून चांगला, तो म्हणाला. गावी गेलेल्या कुटुंबाला बोलवायला चौकचा एक म्हातारा कोळी पाठवला, वर्ग हसून लोळला. मग तज्ज्ञांनी चिठ्ठी दिली. प्रश्नसंचातून काढलेली, पहिल्या पानावरचीच. तिने ती वाचली, एकदा मागच्या बाकाकडे, त्याच्याकडे बघितलं, आणि वर्गाला म्हणाली, "आता वॉचमन विसरा. फॉर्म्युला लिहा." आणि फळ्यावर लिहिलं, चार हजार एकशे बारा. तज्ज्ञांनी मान डोलावली.

"तू काही म्हणाला नाहीस?"

"तिथे नाही. नंतर कॉरिडॉरमध्ये गाठलं तिला. म्हटलं, अगं, ते एकशे ब्याण्णव आहे. तुला कळलं नाही का?"

"मग?"

त्याने कप कठड्यावर ठेवला. खाली गेटवर वॉचमन कुणाला तरी हिंदीतून मजला सांगत होता.

"म्हणाली, माहीत आहे सर. तेव्हाही माहीत होतं. फार राग आला होता तुमचा. मग दोन कॉलेजांत तज्ज्ञांच्या चुकीपुढे खरं उत्तर लिहून डेमोत नापास झाले, तेव्हा तुमची आठवण आली. तुम्ही आम्हाला त्या दिवशी हेच शिकवत होता, हे मला उशिरा कळलं." तो खाली गेटकडे बघत होता. "थँक्यू म्हणाली गं मला. वाकून पाया पडली."

मी कठड्यावरचा त्याचा कप उचलला. विचारलं, "मग, निवड केलीत तिची?"

"केली," तो म्हणाला. "मी जे केलं होतं तेच तिने केलं. तिला नाही कोणत्या तोंडाने म्हणू?"